कॉम्प्युटरात अकरा, रॅकवर शून्य

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक मार्ट आहे. खाली दुकान, मागे गोडाऊन, दोन बिलिंग काउंटर आणि कॉम्प्युटरात साधारण पाच हजार वस्तूंची यादी. महिन्यातून एकदा मी तिथे स्टॉक बघायला जाते. जूनमधल्या एका संध्याकाळी मी साबणाच्या रॅकपाशी उभी होते. एक बाई आल्या, रॅकवर दोनदा नजर फिरवली आणि तिथल्या मुलीला विचारलं, "चंदनाचा नाहीये का गं?" ती म्हणाली, "नाही ताई, संपलाय. वरूनच येत नाहीये." बाई दुसरं काही न घेता पुढे गेल्या.

मी काउंटरवर जाऊन बघितलं. कॉम्प्युटरात चंदनाचा साबण अकरा नग शिल्लक दाखवत होता.

गोडाऊन शोधलं, तिथे एकही नव्हता. वरून येत नव्हता, कारण वर कोणी मागितलाच नव्हता. या दुकानात ऑर्डर कॉम्प्युटर सुचवतो. चंदनाच्या साबणासाठी त्याला सांगून ठेवलंय की शिल्लक सहा किंवा त्याहून कमी झाली की चोवीसचा बॉक्स मागवायचा. शिल्लक अकरा आहे, म्हणजे मागवायची गरज नाही. साबण रॅकवर नाही म्हणून विकला जात नाही, विकला जात नाही म्हणून अकराचे दहा होत नाहीत, आणि अकरा आहेत तोवर ऑर्डर जात नाही. हे चक्र आपणहून तुटत नाही. या दुकानात सगळा माल मोजला जातो तो 31 मार्चला. म्हणजे जूनमध्ये संपलेला साबण पुढच्या एप्रिलपर्यंत ‘आहे’ असाच राहिला असता.

कॉम्प्युटरात असलेल्या आणि दुकानात नसलेल्या अशा मालाला फँटम स्टॉक म्हणतात. आपल्याकडे दुकानदार सरळ ‘कागदावरचा माल’ म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त नेमका वाटतो. युन कांग आणि स्टॅनली गर्शविन या एमआयटीच्या दोघा संशोधकांनी 2005 मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष दुकानदारांना सांगितला की ते आधी मान हलवतात आणि मग गप्प होतात. चोरी, फूटतूट, गहाळ अशी अगदी थोडी घट जरी नोंदीत आली नाही, तरी ऑर्डरचं चक्र बिघडतं, आणि वस्तू रॅकवर नसल्यामुळे बुडणारी विक्री ही गेलेल्या मालाच्या किमतीपेक्षा खूप मोठी असू शकते. दोन साबण चोरीला गेले तर दोन साबणांचंच नुकसान झालं, असं आपण धरतो. पण त्या दोन साबणांमुळे ऑर्डर अडली, तर पुढचे कितीतरी साबण विकलेच जात नाहीत, आणि ते नुकसान कुठल्याच वहीत येत नाही.

अकराचा आकडा कसा तयार झाला ते मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. चंदनाच्या साबणाशेजारी त्याच कंपनीचा गुलाबाचा साबण असतो. वजन तेच, किंमत तीच. गिऱ्हाईक दोन गुलाब आणि दोन चंदन काउंटरवर ठेवतं. काउंटरवरचा मुलगा एक वडी उचलतो, मशीनखाली धरतो, ‘पीक’ असा आवाज आला की नगांच्या रकान्यात चार टाकतो आणि पुढची वस्तू घेतो. गिऱ्हाइकाचे पैसे बरोबर होतात, गल्ला बरोबर जुळतो. फक्त कॉम्प्युटरात चार गुलाब वजा होतात आणि दोन चंदन तसेच राहतात. आता कधी गुलाब उचलला जाईल, कधी चंदन, आणि फरक आपोआप जुळून जाईल असं वाटतं. तसं झालं नाही, कारण चंदनाच्या वेष्टनाचा कागद चकचकीत आहे आणि त्यावरचा बारकोड मशीनला एका झटक्यात वाचता येत नाही. गर्दीच्या वेळी हात आपसूक गुलाबाकडे जातो. म्हणून चूक एकाच बाजूला साठत गेली.

बाकीच्या वाटा दुकान चालवणाऱ्यांना ठाऊक असतात. डिस्ट्रिब्यूटरच्या बिलावर छत्तीस लिहिलेत, माल तीस आलाय आणि इनवर्ड करणाऱ्याने बिल बघून छत्तीस टाकले. पिशवी फुटली, मुदत संपली, उंदरांनी कुरतडलं, वस्तू फेकली आणि नोंद राहिली. एक वाट मात्र आपल्याकडची आहे, ती एमआरपीची. किंमत वाढली की बरेच दुकानदार नव्या एमआरपीसाठी वेगळी नोंद करतात. बारकोड तोच असल्यामुळे बिल करताना कॉम्प्युटर विचारतो, जुनी की नवी? घाईत नेहमी वरचीच निवडली जाते. मग जुन्या एमआरपीच्या नोंदीवर सात नग अडकून पडतात आणि नवी नोंद वजा सातवर जाते. वजा आकडा दिसला की तो नुसता दुरुस्त करून टाकू नका, असं मी दुकानदारांना कळवळून सांगते. वजा नोंदीला बहुतेक वेळा जुळं भावंड असतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी नोंदीवर कागदावरचा माल होऊन बसलेलं असतं.

हे ढिसाळ दुकानांतच होतं असं समजू नये. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी एका मोठ्या अमेरिकन साखळीच्या 37 दुकानांतल्या सुमारे 3 लाख 70 हजार नोंदी प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिल्या. 2008 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 65 टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. सगळ्याच शून्यावर अडकलेल्या नव्हत्या. कुठे एकाचा फरक होता, कुठे उलट माल जास्त होता. तरी यंत्राने विकायचं आणि यंत्राने मोजायचं ठरवलेल्या दुकानांची ही अवस्था होती.

सगळं दुकान रोज मोजता येत नाही. पाच हजार वस्तू मोजायच्या तर दुकान बंद ठेवावं लागेल. मग कागदावरचा माल हुडकायचा कसा? त्याची एक खूण विक्रीच्या नोंदीतच पडलेली असते. रोज विकली जाणारी वस्तू अचानक गप्प होते. शिल्लक आहे आणि विक्री शून्य, अशी जोडी बरेच दिवस टिकली की काहीतरी बिघडलंय.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘तीस दिवसांत न विकलेला माल’ असा एक रिपोर्ट असतो. दुकानदार त्याला डेड स्टॉकची यादी म्हणतात आणि बहुधा एकच गोष्ट करतात, त्यातल्या वस्तू पुन्हा मागवायच्या नाहीत असं ठरवतात. चंदनाचा साबण त्या यादीत आला असता, तर गावात मागणी असलेली वस्तू कायमची बंद झाली असती. तीस दिवसांचा नियम दोन्ही बाजूंनी फसतो. रोज चार जण नेतात ती वस्तू तीस दिवस गायब असेल, तर आपल्याला महिनाभर उशिरा कळतं. आणि तीन महिन्यांतून एकदा विकली जाणारी सांडशी तीस दिवस गप्प राहिली, तर त्यात नवल काहीच नाही. किती दिवस गप्प, एवढं विचारून भागत नाही. ही वस्तू इतके दिवस सहसा गप्प राहते का, हे विचारायला हवं.

त्यासाठी दोनच आकडे लागतात. वस्तू व्यवस्थित विकली जात होती तेव्हा तिचा रोजचा वेग किती होता, आणि शेवटच्या बिलानंतर किती दिवस गेले. दोन्हींचा गुणाकार केला की कळतं, एव्हाना किती बिलं व्हायला हवी होती. चंदनाच्या साबणाचं शेवटचं बिल 9 जूनचं होतं. त्याआधीच्या आठ आठवड्यांत, म्हणजे 56 दिवसांत, तो 42 बिलांवर आला होता. रोजचा वेग 0.75, चार दिवसांत तीन बिलं. 10 जून ते 18 जून हे नऊ दिवस शून्य. 0.75 गुणिले 9 म्हणजे 6.75. साबण रॅकवर असता, तर या नऊ दिवसांत साधारण सात बिलं झाली असती.

सातच्या जागी शून्य, हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं का? होऊ शकतं, पण क्वचित. किती क्वचित, हे काढायची रीत पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. एकमेकांशी संबंध नसलेली गिऱ्हाइकं आपापल्या वेळी येत असतील, तर ठरावीक काळात एकही न येण्याची शक्यता तिच्यावरून निघते. एक्सेलमध्ये बी रकान्यात रोजची बिलं आणि सी रकान्यात गप्प दिवस घातले, तर एवढंच टाइप करायचं:

```
=EXP(-B2*C2)
```

चंदनाच्या साबणासाठी उत्तर येतं 0.0012 च्या आसपास. म्हणजे साबण जागेवर असताना असे नऊ कोरडे दिवस साडेआठशे वेळांत एकदा यावेत. सांडशीचा वेग नव्वद दिवसांत एक धरला, तर तिच्या तीस दिवसांच्या मौनाचं उत्तर 0.72 येतं. दहापैकी सात वेळा असंच होणार, म्हणजे तिकडे जायचं कारण नाही. गुणाकार तीनच्या आसपास असला तर शक्यता शंभरात पाचची. तो पाचवर गेला की शंभरात एकाहूनही कमी.

सूत्र सोपं आहे. चुका होतात त्या वेग काढताना, आणि तिथे मी स्वतःही फसलेली आहे.

पहिली चूक म्हणजे गप्प दिवससुद्धा वेगात मोजणे. सॉफ्टवेअर ‘गेल्या तीस दिवसांची सरासरी’ देतं आणि आपण ती उचलतो. मौन जसं लांबतं तशी ती सरासरी खाली येते, आणि वस्तू जितकी जास्त दिवस गायब तितकी ती कमी संशयास्पद दिसू लागते. महिना उलटला की सरासरी शून्य होते आणि वस्तू यादीतून पूर्णच निसटते. म्हणून वेग नेहमी शेवटच्या बिलाच्या आधीच्या काळावरून काढायचा. त्या काळातही वस्तू खरोखर संपलेली होती असे दिवस असतील, तर ते वगळायचे.

दुसरी चूक नग मोजण्याची. याच दुकानात कागदी कपांची शंभर-शंभरची पाकिटं मिळतात. साठ दिवसांत साठ पाकिटं गेली होती, रोजचं एक. मग बारा दिवस काही नाही. गुणाकार बारा. साध्या हिशेबाने हे लाखात एकदाही घडू नये. मी कामावरच्या पोराला घाईघाईने रॅककडे पिटाळलं. पाकिटं जागेवर होती, जितकी कॉम्प्युटरात तितकीच. ती साठ पाकिटं फक्त चार बिलांवर गेली होती, आणि चारही वेळा नेणारा स्टँडजवळचा एकच चहावाला होता. तो पंधरवड्याने येतो. बिलांचा हिशेब केला तर साठ दिवसांत चार, म्हणजे बारा दिवसांत 0.8, आणि शून्याची शक्यता शंभरात पंचेचाळीस. तेव्हापासून मी नग मोजत नाही, बिलं मोजते. गणिताला गिऱ्हाइकं वेगवेगळी आणि स्वतंत्र लागतात. एका माणसाने पंधरा पाकिटं नेली, तरी तो एकच माणूस आहे.

तिसरी गोष्ट ऋतूची. उटण्याचा दिवाळीआधीच्या आठ आठवड्यांचा वेग धरून डिसेंबरात हिशेब केला, तर उटणं रोज यादीत पहिलं येईल. उपवासाची भाजणी, तिळगुळाचे लाडू, पतंगाचा मांजा, छत्र्या, सगळ्यांचं तेच. यांचा वेग गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी ताडायचा, किंवा सरळ बाजूला ठेवायचं. मी बाजूला ठेवते. दुकानात सणाच्या वस्तू कोणत्या हे दुकानदाराला तोंडपाठ असतं, त्यासाठी गणित शिणवायची गरज नाही.

आता यादीवर भरवसा किती ठेवायचा? समजा साधारण एकाच वेगाने विकल्या जाणाऱ्या हजार वस्तू आहेत, आणि त्यांतल्या वीस खरोखर फक्त कागदावर उरल्या आहेत. बाकीच्या 980 जागेवर आहेत. गुणाकार तीन झाला की यादीत घ्यायचं ठरवलं, तर 980 पैकी शंभरात पाचच्या हिशेबाने 49 वस्तू निव्वळ योगायोगाने यादीत येतील. वीस खऱ्या, 49 खोट्या. एकोणसत्तर ठिकाणी जायचं आणि वीसच सापडायच्या. तेच पाचपर्यंत थांबलं, तर खोट्या सहा-सातच उरतात. सत्तावीस ठिकाणी जाऊन वीस सापडतात. मात्र थांबण्याची किंमत आहे. रोज एक बिल होणाऱ्या वस्तूसाठी तीनऐवजी पाच दिवस, म्हणजे आणखी दोन दिवस रॅक रिकामा. म्हणून कुठे थांबायचं हे पुस्तकात बघून ठरत नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी एक माणूस अर्ध्या तासात किती वस्तू बघू शकतो, त्यावर ठरतं. या मार्टात ते पंधरा-वीस आहेत. म्हणून आम्ही गुणाकार पाचच्या वर गेलेल्या वस्तू घेतो आणि ज्यांची रोजची विक्री रुपयांत जास्त, त्या वर लावतो. अर्ध्या तासात जेवढ्या होतील तेवढ्या.

19 जूनच्या सकाळची यादी चौदा वस्तूंची होती. मोजणी दुकान उघडण्याआधीच करावी लागते. बिलं चालू असताना मोजलं, तर कॉम्प्युटरातला आकडा आणि हातातला आकडा वेगवेगळ्या क्षणांचे होतात, आणि नसलेले फरक निर्माण होतात. काउंटरखालची टोपली आधी बघायची, कारण गिऱ्हाइकांनी बिलाच्या वेळी नको म्हणून काढून ठेवलेला माल तिथे साचतो. मग रॅक, रॅकची मागची बाजू, शेजारचे दोन कप्पे, शेवटी गोडाऊन.

चौदापैकी सहा वस्तू खरोखर नव्हत्या. चंदनाचा साबण त्यातलाच एक.

चार वस्तू होत्या, पण गिऱ्हाइकाला दिसतील अशा नव्हत्या. नाचणीच्या पिठाची आठ पाकिटं गोडाऊनमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे निघाली. आली त्या दिवशी गर्दी होती, तिथे टेकवली ती तिथेच राहिली. गिऱ्हाइकाच्या लेखी हेही न असल्यासारखंच. पण कॉम्प्युटरातला आकडा इथे खरा आहे आणि तो बदलायचा नाही. माल उचलून रॅकवर लावायचा. गोडाऊन न बघता आकडा शून्य केला असता, तर दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर गेली असती आणि मुदत असलेल्या पिठाचा साठा दुप्पट झाला असता. अशी चूक एकदा घडली की दुकानदाराचा या यादीवरचा विश्वास उडतो, आणि मग यादी काढणंच बंद होतं.

उरलेल्या चार वस्तू रॅकवर, समोर, अगदी नीट होत्या. अशा वेळी ‘यादी चुकली’ म्हणून पुढे जाऊ नये. त्यातल्या एका लोणच्याच्या बरणीचा बारकोड छपाईतच बिघडलेला होता. मशीन तो वाचत नव्हतं, म्हणून काउंटरवरचा मुलगा त्याच किमतीच्या दुसऱ्या लोणच्याच्या नावाने बिल करत होता. बरण्या विकल्या जात होत्या, नोंद दुसरीकडे पडत होती. पुन्हा वाट पाहत बसलो असतो, तर रॅकवरच्या बरण्या संपल्यावर हाही चंदनाचाच साबण झाला असता. एका डिटर्जंटची मागणी खरंच गेली होती, कारण शेजारच्या कप्प्यात त्याच वजनाचा स्वस्त पुडा आला होता. दोघांची कारणं मला सापडली नाहीत. तो योगायोग असावा, आणि पाचच्या नियमात थोडे योगायोग येणारच.

चंदनाचा साबण नाही हे कळल्यावर मी गुलाबाचा मोजला. कॉम्प्युटरात चौदा, रॅकवर आणि गोडाऊनमध्ये मिळून तेवीस. नऊ जादा. चंदनाचे अकरा कमी आणि गुलाबाचे नऊ जास्त. म्हणजे अकरापैकी नऊ साबण हरवलेले नव्हतेच. गिऱ्हाइकांनी पैसे मोजून नेले होते, फक्त गुलाबाच्या नावावर. गुलाब प्रत्यक्षात खपत होता त्याहून जास्त खपतो असं कॉम्प्युटर समजत होता आणि गरज नसताना बॉक्स मागवत होता. गोडाऊनमध्ये गुलाबाचे साबण साचत होते आणि रॅकवर चंदनाचा खण रिकामा होता. दोन्हींचं मूळ एकाच सवयीत होतं. म्हणून एक वस्तू कमी निघाली की तिची सख्खी शेजारीण मोजायची. तीच कंपनी, तेच वजन, तीच किंमत, दुसरा वास किंवा दुसरी चव.

उरलेल्या दोन साबणांचं काय झालं ते कळलं नाही. कोणी खिशात घातले असतील, इनवर्डला कमी आले असतील. पण नोंद करताना नऊ आणि दोन वेगळे ठेवावे लागतात. नऊ साबणांची नोंद ‘अदलाबदल’ म्हणून केली, चंदन उणे नऊ, गुलाब अधिक नऊ. दोन साबण ‘गहाळ’ म्हणून काढले. हा फरक हिशेबापुरताच नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मधल्या ‘एच’ खंडानुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर खरेदीचा कर वजावटीत घेता येत नाही, घेतला असेल तर परत करावा लागतो. अकराच्या अकरा गहाळ दाखवले असते, तर विकल्या गेलेल्या नऊ साबणांवरही नाहक भुर्दंड बसला असता. शिवाय कारण न लिहिता आकडे बदलायची सवय लागली, की ज्याने माल बाहेर नेलाय त्यालाच तो आकडा बदलण्याची सोय होते. म्हणून मोजणाऱ्याने आकडा कागदावर लिहायचा आणि कॉम्प्युटरात दुसऱ्याने टाकायचा, असं आम्ही ठरवलंय. शक्य असेल तर मोजणाऱ्याला आधी कॉम्प्युटरातला आकडा सांगतही नाही. सांगितला, की रॅकवरच्या सातचे नकळत आठ होतात.

या पद्धतीला जे दिसत नाही तेही सांगायला हवं. कॉम्प्युटरात चाळीस आणि रॅकवर पंधरा अशी वस्तू रोज विकली जात राहते, त्यामुळे तिच्यात मौन नसतं आणि ती यादीत येत नाही. ती सापडेल ते पंधरा संपल्यावर, तेव्हा कॉम्प्युटरात पंचवीस उरलेले असतील. म्हणजे ही रीत दुखणं उद्भवल्यावर लवकर ओळखते, उद्भवण्याआधी नाही. माल जास्त असून कॉम्प्युटरात कमी असेल, तर तेही तिला कळत नाही. मी गुलाब मोजला तो चंदनामुळे, एरवी तो कधीच पुढे आला नसता. आणि अगदी हळू विकल्या जाणाऱ्या वस्तूंपुढे हे गणित हतबल आहे. दोन महिन्यांतून एकदा विकली जाणारी स्टीलची गाळणी घ्या. तिचा गुणाकार पाचवर जायला दहा महिने लागतात, तोवर मार्चची मोजणी येऊनही जाते. अशा वस्तूंसाठी दर आठवड्याला एक रॅक असं फिरत-फिरत मोजणं हाच उपाय. त्या मार्टात सोमवारी स्टीलची भांडी आणि प्लॅस्टिक मोजतात.

शेवटी मी साबणाच्या रॅकवरच्या त्या मुलीशी बोलले. तिला आठवडाभरापासून ठाऊक होतं की चंदन संपलाय. रोज दोघं-तिघं विचारत होते आणि ती त्यांना सांगत होती. तिच्या आधीच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की रॅकवर नाही म्हणजे वरूनच आला नसणार. कॉम्प्युटरात अकरा दिसतात हे तिला माहीत नव्हतं, कारण तिने तो आकडा बघायचा असं कोणी सांगितलंच नव्हतं. आणि काउंटरवर अकरा बघणाऱ्यांना रॅक रिकामा आहे हे माहीत नव्हतं. मालकांना, ज्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, गिऱ्हाइकाला नाही म्हणायच्या आधी एकदा काउंटरवर येऊन विचारत जा, किती दाखवतंय. आकडा दिसला तर मला सांग." आता रॅकच्या कडेला दोरीने एक वही टांगलेली आहे. जे मागितलं गेलं आणि नव्हतं, ते त्यात लिहिलं जातं. सकाळची यादी काढताना मी ती वहीही शेजारी ठेवते. ज्या वस्तूचं नाव दोन्हीकडे आहे, तिथे गुणाकार पाच होण्याची वाट बघत नाही.

काउंटरवरच्या मुलाला सांगितलंय की वेगवेगळ्या वासाचे साबण एक-एक करून मशीनखाली धरायचे. चंदनाचा बारकोड वाचला गेला नाही, तर त्याखालचे तेरा आकडे हाताने टाकायचे, शेजारचा साबण उचलायचा नाही. गर्दीत तो हे पाळतो का, ते पुढच्या महिन्यात गुलाब मोजल्यावर कळेल. चंदनाचा बॉक्स गुरुवारी आला. चोवीस नग इनवर्डला मोजून घेतले, रॅकवर लावले, आणि त्याच संध्याकाळी त्यातले तीन दोन बिलांवर गेले.